सुट्याचा दर

त्या पांढऱ्या लोकरीत भावोजींना एकोणऐंशी हजार दोनशे सुटणार होते. हिशेब मीच मांडला होता, त्यामुळे आकड्याबद्दल शंका नको. पाकिटं दोनशे चाळीस. खरेदी चौदाशे वीस, विक्री साडेसतराशे, म्हणजे पाकिटामागे तीनशे तीस. गोदामाचं वर्षाचं भाडं अठ्ठ्याहत्तर हजार होतं, आणि ते महिनाअखेर मिळालं नाही तर जागा सोडा, हे घरमालकानं या खेपेला तोंडी न सांगता कागदावर लिहून दिलं होतं. तेव्हा भाडं जाऊन हातात राहणार बाराशे. त्या बाराशेंचं काय करायचं यावर भावोजी जेवताना रोज बोलायचे, आणि ताई रोज म्हणायची, आधी येऊ तर देत.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोकरीचे घाऊक व्यापारी; पण घाऊक म्हटलं की डोळ्यासमोर येतं तसं काही नाही. खाली गोदाम, वर तीन खोल्या, एक गाडी, एक गाडीवाला, आणि हिशेबाला मी. चार दिवस मदतीला म्हणून आलो होतो, त्याला आता अकरा वर्षं झाली. ताईचं म्हणणं, मी पाहुणा आहे. भावोजींचं म्हणणं, मी खर्च आहे.

गोदाम लांबट आणि थंड. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी फळ्या, त्यांवर शेडच्या, म्हणजे रंगछटेच्या, नंबरानं लावलेली पाकिटं. एका पाकिटात पन्नास ग्रॅमचे दहा गुंडे, वरून मिलचं गरम दाबानं चिकटवलेलं प्लास्टिक. डांबरगोळ्यांचा वास, आणि पावलांचा आवाज अजिबात नाही, कारण लोकर सगळा आवाज पिऊन टाकते. दाराशी गल्ला, त्यावर संगणक आणि वजनकाटा, मागे एक गोल स्टूल. भावोजींचा ठरलेला विनोद होता, की आपल्याकडे हजारो गुंडे आहेत, घरमालकाला येऊ दे की भाडं मागायला. घरमालक यायचा, आणि गुंडे आपले फळ्यांवर पडून असायचे.

आता पांढऱ्या लोकरीचं. शेड तीनशे अठरा, लॉट सत्तावीस. बाहेरच्या माणसाला पांढरं म्हणजे पांढरंच. पण विणणारीला विचारा. एकेका वेळी जेवढी लोकर एकत्र धुऊन रंगवतात तो एक लॉट. दुसऱ्या लॉटची पांढरी तिला जोडली, तर दिव्याखाली कळत नाही, उन्हात नेली की सांध्यावर रेघ उमटते. आणि लॉट सत्तावीस शेवटचा होता. मिल बंद पडली होती. भावोजींनी उरलेला सगळा माल उचलला आणि एक तारखेपर्यंत विक्रीला काढायचा नाही असं ठरवलं. एक तारखेला नवे दर लागणार होते. तोवर जुन्या दरानं सोळाशेला विकून पाकिटामागे दीडशे कोण सोडणार? गावातल्या दुकानांतली पांढरी तेवढ्यात संपली. भावोजी हात चोळत म्हणाले, भूक लागू दे त्यांना जरा.

एक तारखेला तीन दिवस असताना त्या बाई आल्या.

दुपारची वेळ. भावोजी वसुलीला गेले होते, ताई वर झोपली होती. बाई साठीच्या असतील. हातातल्या कापडी पिशवीतून त्यांनी एक स्वेटर काढून गल्ल्यावर पसरला. माझ्या तळव्याहून थोडा मोठा. गळा झालेला, पाठ-पोट जोडलेलं, एक बाही झालेली. दुसऱ्या बाहीच्या जागी भोक, आणि त्याच्या कडेनं टाके सुटू नयेत म्हणून ओवलेला लाल दोरा. त्यांनी लोकरीवरची कागदी पट्टी जपून ठेवली होती, ती दाखवली. तीनशे अठरा, सत्तावीस.

सात दुकानं पालथी घातली, कुणाकडे नाही, त्या म्हणाल्या. बटणवाल्यानं इथं पाठवलं.

मी म्हटलं, आमच्याकडे सुटं मिळत नाही. दहाचं पाकीट घ्यावं लागेल, आणि तेही एक तारखेनंतर.

त्यांनी हिशेबानं सुट्याचा दर काय पडेल ते विचारलं. मी सांगितलं, एकशे पंच्याहत्तर. त्यांनी रुमालाची गाठ सोडून मोजलं, बाही आणि टोपडं मिळून दोन गुंडे, दोनचे साडेतीनशे, आणि ते माझ्यापुढे सरकवले. बाळ वेळेआधी झालंय, त्या सांगत होत्या, दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे, लेक तिथंच आहे. बाहेर काढतील तेव्हा अंगात घालायला हवं.

खोटं कशाला बोलू, मनात पहिल्यांदा आलं ते असं: पाकीट फोडलं की उरलेले आठ गुंडे मेले. फोडलेलं पाकीट दुकानदार घेत नाही. खरेदीनं धरलं तरी अकराशे छत्तीसचा माल अंगावर. बाराशे सुटायचे, त्यातले राहतील चौसष्ट.

“पाच-सहा दिवस थांबा की,” मी म्हटलं. “एक तारखेला दुकानांत माल गेला, की तिथं सुटं मिळेल.”

“एवढे दिवस आहेत का, ते मला कुठं माहितेय,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, एखादा पत्ता विचारावा तसं. मग पैसे परत रुमालात बांधले, स्वेटराची घडी केली, दारात थांबल्या. “सुट्याचा दर लागला तर कळवाल?”

कळवतो, म्हटलं मी. नंबर घेतला नाही.

एक तारखेच्या रात्री नवे दर चढवायचे होते. हे काम मी नऊला करतो. दुकानदार दुकान बंद करून, जेवून, दहानंतर फोनवरून ऑर्डरी टाकतात. त्यांना उधारीची मर्यादा ठरवून दिलेली आहे, तिच्या आत असली की ऑर्डर आपोआप पक्की होते. सहाला माल काढायच्या चिठ्ठ्या छापून निघतात, आठला गाडी जाते, आणि गाडी जाताना बिल फाटतं. बिल फाटेपर्यंत चूक आपली. ती निस्तरता येते. बिल फाटलं की चूक दुसऱ्याची मालमत्ता.

सगळ्या शेडची यादी एका फाइलीत करून ती चढवली, तीन-चार ओळी उघडून ताडून पाहिल्या, तीनशे अठरा तर दोनदा पाहिली: पाकीट, साडेसतराशे. साडेनऊला वर जेवायला गेलो. सव्वादहापर्यंत भावोजी भाड्यावर बोलत होते आणि ताई वाढत होती. मग मी आणि भावोजी बाहेरच्या खोलीत आडवे झालो.

रात्री दोनला आमच्या संगणकाचा एक ठरलेला फेरा असतो. तो प्रत्येक शेडची शिल्लक घेतो, त्यातून पक्क्या ऑर्डरींसाठी राखीव झालेला माल वजा करतो, आणि उरलेला गेल्या हंगामाच्या खपानं सात दिवसांना पुरत नसेल, तर माझ्या फोनवर सूचना येते. ही सोय मीच लावलेली. महिन्यातून एखाद्या वेळी येते, सकाळी बघतो.

त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला आणि मी तो का कोण जाणे लगेच उचलला. शेड तीनशे अठरा. शिल्लक दोनशे चाळीस. राखीव दोनशे चौतीस पूर्णांक दोन. उपलब्ध पाच पूर्णांक आठ. सात दिवसांचा खप छप्पन.

दिवसाला आठ पाकिटं जाणारी शेड. चार तासांत दोनशे चौतीस कशी जाईल?

खाली आलो. गोदामाच्या दाराची आतली कडी काढलेली होती. मला वाटलं, भावोजी विसरले. दिवा लावला, स्टुलावर बसलो आणि पुन्हा उठलो. स्टूल ऊन होतं. नुकतंच कुणी उठून गेल्यावर राहते, तेवढी ऊब. मी हात लावून पाहिला. बाकी गोदाम इतकं गार होतं, की काट्याचं ताट बोटांना चिकटत होतं.

संगणक उघडला आणि बाकी सगळं विसरलो. तीनशे अठरापुढे दर होता एकशे पंच्याहत्तर.

काय झालं होतं, ते सांगतो, कारण अशी चूक पकडायला ठेवलेला पहारेकरीही झोपला होता. आमच्याकडे दोन मापं आहेत, पाकीट आणि नग. नग म्हणजे एक गुंडा, पाकिटाचा दहावा भाग. ते माप आम्ही कधी वापरत नाही. त्या ओळीचे दर कुणीतरी नगाचे केले होते, आणि दुकानदारांना माल मात्र पाकिटानंच दिसत होता. म्हणजे दहा गुंडे एकाच्या भावात. खरेदीखाली दर गेला तर यंत्र अडवतं. पण खरेदीचा आकडाही नगाचा झालेला होता, एकशे बेचाळीस. एकशे बेचाळीसवर एकशे पंच्याहत्तर, नफा जिथल्या तिथं, शेकडा एकोणीसच्या आसपास. पहारेकऱ्याच्या लेखी सगळं आलबेल. भूक लागलेल्या नऊ दुकानदारांनी दहा ते एकच्या दरम्यान पांढऱ्यापुढचा दर उतरल्याचा बाण पाहिला आणि हात मारला: शाळेजवळच्यानं साठ, बटणवाल्यानं चाळीस, कोपऱ्यावरच्या मावशींनीसुद्धा, ज्या एरवी दोन पाकिटं घेताना चार वेळा फोन करतात, वीस.

आधी शेड विक्रीतून थांबवली. मग माप पाकिटावर आणलं, खरेदी आणि विक्री दोन्ही आकडे सुधारले. एकच सुधारला असता, तर दुसरी चूक झाली असती. नऊ ऑर्डरी रोखून धरल्या, त्यांच्या चिठ्ठ्या सहाच्या छपाईतून काढल्या. तीन वीस झाले.

भावोजी जिन्यात उभे होते. किती, म्हणाले. मी सांगितलं: चौदाशे वीसचा माल एकशे पंच्याहत्तरला, पाकिटामागे बाराशे पंचेचाळीस, गुणिले दोनशे चौतीस, दोन लाख एक्क्याण्णव हजार तीनशे तीस. ते खालच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, “म्हणजे भाड्याचा प्रश्नच मिटला असता. राहिलंच नसतं भाड्यानं घ्यायला काही.” आणि हसले.

सकाळी सातपासून मी फोन केले. बिल फाटलेलं नसल्यानं कायद्यानं आम्ही मोकळे होतो, तरी ऐकून घ्यावं लागलं. शाळेजवळचा म्हणाला, चूक तुमची आणि झोपमोड आमची. मावशी म्हणाल्या, मला वाटलंच होतं, इतकं सुख माझ्या वाट्याला कुठलं. नऊपैकी सात जणांनी पुढच्या दोन दिवसांत नव्या दरानं थोडा थोडा माल घेतलाही.

ऑर्डरी रद्द झाल्या, राखीव माल सुटला, आकडे जागेवर आले. एक सोडून. उपलब्ध दोनशे चाळीस दिसायला हवे होते. दिसत होते दोनशे एकोणचाळीस पूर्णांक आठ.

शून्य पूर्णांक दोन पाकीट. म्हणजे दोन नग.

आमच्याकडे पाकिटाच्या तुकड्याची ऑर्डर टाकताच येत नाही. ती नोंद उघडली. ग्राहकाच्या नावाची जागा कोरी. माल कसा पोचवायचा, या रकान्यात: स्वतः येऊन नेणार. स्थिती: दिला. वेळ, रात्री बारा वाजून वीस मिनिटं.

यंत्राची चूक म्हणून मी ती खोडणार होतो. पण हिशेबाच्या माणसाला आधी बदलांची नोंदवही बघायची खोड असते. कोणी, केव्हा, काय बदललं, ते तिच्यात आपोआप लिहिलं जातं आणि कुणालाही पुसता येत नाही. तीनशे अठराच्या नावावर तीन ओळी होत्या. पहिली, बाई आल्या होत्या त्या दुपारची: एक फोन नंबर, पुढे ‘सुट्याचा दर लागल्यावर कळवणे’. दुसरी, एक तारीख, रात्री नऊ सत्तेचाळीस: माप पाकिटावरून नगावर. तिसरी, त्याच मिनिटाला: त्या नंबरावर निरोप गेला.

तिन्ही ओळींपुढे करणाराचं नाव माझं होतं.

नऊ सत्तेचाळीसला माझ्या ताटात ताईनं दुसऱ्यांदा भात वाढला होता. भावोजी समोर होते. परवलीचा शब्द माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तो मी त्याच दिवशी बदलला. भावोजींना सहज विचारावं तसं विचारलं, की मी रात्री मधेच उठलो होतो का.

“उठतोयस कसला,” ते म्हणाले. “घोरत होतास. सव्वाबाराला मीच तुला ढकलून कुशीवर केला. घड्याळ पाहिलं ना मी, म्हटलं अजून किती रात्र काढायची आहे या आवाजात.”

मी त्यांना नोंदवही दाखवली नाही. माझं नाव होतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मोजणी घेतली. पाकिटं हातानं मोजली तर त्या दिवशी असायला हवी तितकी बरोबर होती. सगळी बंद. मग एकेक काट्यावर ठेवलं. पाचशे ग्रॅम लोकर, बारा ग्रॅम प्लास्टिक आणि पट्ट्या. पाचशे बाराच्या आत-बाहेर एखाद-दुसरा ग्रॅम. खालच्या फळीवरचं मागचं पाकीट चारशे अकरा भरलं. मी ते दिव्यापुढे धरलं. आत आठ गुंडे होते, दोन जागा रिकाम्या. मिलचा दाब चहूबाजूंनी शाबूत होता. कुठं चिरलेलं नाही, पुन्हा चिकटवलेलं नाही. प्लास्टिकवर नखानं ओढलं तर ओरखडा उमटत होता, तसा एकही ओरखडा नव्हता.

भावोजी म्हणाले, मिलकडूनच कमी आलं असेल, जाऊ दे. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं, तेव्हा मला वाटलं, त्यांना माझ्यावरच संशय आहे.

ताईला मात्र सांगितलं. सगळं नाही; एक बाई आली होती, दोन गुंडे मागत होती, एवढंच.

“मग काय म्हणालास?”

“सुटं मिळत नाही म्हटलं.”

ताई धान्य निवडत होती. तिचा हात थांबला. “नंबर आहे का तिचा?”

आहे, म्हटलं.

“मग लाव की.”

मी दोनदा नंबर दाबला आणि दोनदा वाजायच्या आत बंद केला. काय विचारणार होतो? तुम्ही आमच्याकडून माल नेलात का? आणि त्या हो म्हणाल्या असत्या तर?

महिना चांगला गेला. थंडी पडली, पांढरी उडाली. ते आठ गुंड्यांचं पाकीट सोडून अठ्ठाविसाला सगळी पाकिटं गेली होती. भावोजींनी भाडं एकरकमी घरमालकाच्या पुढ्यात ठेवलं आणि पावती मुद्दाम दोनदा वाचून घेतली. मी रात्री जागत होतो. नऊ सत्तेचाळीस झाले की कुठंही असलो तरी घड्याळाकडे नजर जायची.

एकोणतीस तारखेला दुपारी बाई आल्या.

या खेपेला भावोजी गल्ल्यावर होते, मी फळीपाशी. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी लोकरीचा एक उरलेला गुंडा काढला, अर्ध्याहून कमी, पट्टी अजून त्याच्याभोवती होती. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

“एवढी उरली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सुटं परत घेत नाही, माहितेय. पण ठेवून तरी काय करू मी.”

मी पट्टी वाचली. तीनशे अठरा, सत्तावीस.

“आभार मानायचे राहिले होते. त्या रात्री सुचलं नाही.”

“कुठल्या रात्री?” भावोजींनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत. एक तारखेला संध्याकाळपासूनच डॉक्टर आत-बाहेर करत होते. पावणेदहाच्या सुमाराला बाहेर येऊन म्हणाले, संपलं. लेक रडली नाही. एवढंच म्हणाली, की त्याला उघडं न्यायचं नाही. आणि तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांना वाटलं, कुणा नातेवाइकाचा असेल. तर आमच्या गोदामाचा निरोप होता: सुट्याचा दर लागला आहे.

“चालत आले,” त्या म्हणाल्या. “बारा वाजून गेले होते. वाटलं, आता कोण असणार. पण दार उघडं होतं आणि तुम्ही इथं बसला होतात.”

त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं.

“दिवासुद्धा लावला नव्हतात. मी काही म्हणायच्या आधीच दोन गुंडे पुढे केलेत. मी पैसे काढले, तर घेतले नाहीत. म्हणालात, माझ्या नावावर टाकतो.”

गाडीवाला दारात काहीतरी विचारायला आला आणि तसाच मागे फिरला.

“पहाटेपर्यंत बाही झाली, टोपडंही,” बाई म्हणाल्या. “नेताना अंगात दोन्ही बाह्या होत्या. सांधा कुठं कळला नाही. उन्हातसुद्धा.”

मी त्यांना सांगायला हवं होतं. तो मी नव्हतो, मी वर झोपलो होतो, मी तुम्हाला नाही म्हटलं होतं. ओठांपर्यंत आलं. त्या माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या, तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी मान हलवली. आभार घेतले.

त्या गेल्यावर भावोजी बराच वेळ गल्ल्याच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिले.

“मी पाहिलं होतं,” ते म्हणाले. “दोन तारखेलाच. म्हटलं, चांगलं काम करून लाजतोयस. तू सांगशील तेव्हा बोलू.”

“काय पाहिलं होतं?”

त्यांनी खणातून उचलीची वही काढली. गाडीवाला आणि मी पगाराआधी काही उचललं, तर ते तिच्यात हातानं लिहितो. पान उघडून त्यांनी ती माझ्यापुढे फिरवली, आणि मग, मला दिसलं, त्यांचा अंगठा थांबला. सव्वाबाराला आपण कुणाला कुशीवर केलं होतं, ते त्यांना आठवलं असावं.

वर ताईच्या भांड्यांचा आवाज येत होता.

भावोजींना एकोणऐंशी हजार दोनशेत एका पाकिटाचे तेवढे कमी सुटले. दुकानदारांचं काही गेलं नाही. बाईंचे साडेतीनशे रुमालातच राहिले.

आणि वहीत एक तारखेची ओळ होती. तीनशे अठरा, सत्तावीस, सुटे दोन नग, साडेतीनशे; देणार म्हणून माझं नाव. अक्षर माझं. साताच्या आकड्याला मी मधून एक आडवी रेघ देतो, तीही होती. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तो आम्ही कधी भरत नाही.

तिथं लिहिलं होतं: उशिरा दिले.